इस्पितळाबाहेरून घेतलेली औषधे आणि विम्याचा दावा
चिठ्ठी, बिल, रिपोर्ट आणि पावती यांचा मेळ कसा घालावा?

आपल्या कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. पार्टीने ऑर्डर दिली, आपण चलनावर माल पाठवला, बिल केले आणि पैसे आल्यावर पावती दिली. या चार कागदांपैकी एक जरी गहाळ झाला तरी वर्षाअखेरीस मुनीम डोके धरून बसतो. मी तीस वर्षांपासून ग्रे कापडाची खरेदी-विक्री करतो. ताक्याच्या मापातील अर्ध्या मीटरचा फरक माझ्या नजरेतून सुटत नाही. परंतु गेल्या वर्षी धाकट्या भावाला इस्पितळात ठेवावे लागले, तेव्हा मीच हा नियम विसरलो आणि पंचवीस हजार रुपयांचे कागद विमा कंपनीकडे अडकून पडले. ते पैसे कशाने अडकले आणि कसे सुटले, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे सविस्तर लिहीत आहे.

भावाला छातीत कफ होऊन ताप चढला. मालेगावच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि नाशिकला न्यावयास सांगितले. तेथील एका खासगी इस्पितळात तो आठ दिवस होता. पॉलिसी पाच लाखांची, कॅशलेस सोय असलेली. मी निर्धास्त होतो. कॅशलेस म्हणजे आपल्याला खिशात हात घालावा लागणार नाही, असाच माझा समज होता.

कॅशलेसमध्ये काय येते आणि काय येत नाही

हा समज अर्धाच खरा आहे. कॅशलेसमध्ये विमा कंपनी (किंवा तिच्या वतीने काम पाहणारी टीपीए कंपनी) इस्पितळाचे बिल थेट इस्पितळाला देते. म्हणजे जो खर्च इस्पितळाच्या अंतिम बिलात छापून आला आहे, त्याचाच विचार तेथे होतो. तुम्ही रस्त्यापलीकडच्या मेडिकलमधून आणलेले इंजेक्शन आणि दुसऱ्या सेंटरवर काढलेला स्कॅन त्या बिलात नसतात. त्याचे पैसे तुम्ही रोख किंवा मोबाईलवरून दिलेले असतात. ते परत हवे असतील तर डिस्चार्जनंतर वेगळा दावा करावा लागतो. त्याला भरपाईचा, म्हणजे रिइम्बर्समेंटचा दावा म्हणतात. कॅशलेसचा जो क्लेम नंबर असतो त्याचा हवाला देऊनच हा दावा पाठवायचा असतो.

आमच्याकडे तसेच झाले. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरने चिठ्ठी हातात दिली आणि म्हणाली, "चाचा, हे इंजेक्शन आमच्या स्टोअरमध्ये संपले आहे, बाहेरून आणा." त्याच दिवशी इस्पितळाचे स्कॅनिंग मशीन बंद होते, म्हणून छातीचा सीटी स्कॅन बाहेर करावा लागला. रक्ताची एक खास तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये गेली. धावपळीत मी पैसे देत गेलो आणि कागद कुर्त्याच्या खिशात कोंबत गेलो. घरी येऊन हिशेब मांडला तो असा:

अँटिबायोटिक इंजेक्शनच्या 16 बाटल्या, दर 990 रुपये, तीन बिलांत मिळून 15,840 रुपये. सीटी स्कॅन 4,500 रुपये. लॅबची तपासणी 2,800 रुपये. हातमोजे, मास्क, डायपर, थर्मामीटर आणि फुंकर मारून फुप्फुसाचा व्यायाम करण्याचे यंत्र मिळून 1,920 रुपये. एकूण 25,060 रुपये.

सगळे कागद पाकिटात घालून पाठवले. तीन आठवड्यांनी टीपीएचे पत्र आले. नकार नव्हता, पण प्रश्न होते, आणि ते प्रश्न वाचताना मला माझीच पेढी आठवली.

कंपनी चार गोष्टी विचारते

कंपनीचा माणूस इस्पितळात हजर नव्हता. तो कागदावरूनच पारखणार. बाहेरच्या प्रत्येक खरेदीबाबत तो चार गोष्टी पाहतो. कोणी आणायला सांगितले? काय व किती विकत घेतले? ते खरोखर या रुग्णाला दिले गेले का? आणि पैसे कोणी, केव्हा दिले? पहिल्याचे उत्तर डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्याचे दुकानदाराचे बिल, तिसऱ्याचे इस्पितळाची ट्रीटमेंट शीट किंवा तपासणीचा रिपोर्ट, चौथ्याचे पावती. म्हणजे आपलीच ऑर्डर, बिल, माल पोहोचल्याची सही आणि पैशांची पावती. आमच्या पाकिटात कुठे एक कडी नव्हती, कुठे दुसरी.

पहिली अडचण : चिठ्ठी दुकानातच राहिली

इंजेक्शनच्या तीन बिलांपैकी दुसऱ्या बिलाला, म्हणजे 5,940 रुपयांच्या बिलाला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली नव्हती. ती मी मेडिकलच्या काउंटरवर दिली आणि दुकानदाराने खिळ्याला अडकवून ठेवली. शिवाय त्या बिलावर रुग्णाचे नाव फक्त "मुश्ताकभाई" एवढेच होते. पॉलिसीवर त्याचे नाव चार शब्दांचे आहे.

नावाची ही बाब आपल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव रेशन कार्डावर एक, आधारवर दुसरे आणि मोहल्ल्यात तिसरे असते. कुठे मोहम्मद पूर्ण, कुठे मोहं., कुठे अजिबात नाही. कुठे वडिलांचे नाव, कुठे आडनाव. मेडिकलवाला विचारतो, "नाव काय टाकू?" आणि आपण घाईत हाक मारायचे नाव सांगतो. उपाय सोपा आहे. भरती करतेवेळीच पॉलिसीवरचे नाव, स्पेलिंगसह, इस्पितळाच्या कागदावर घालावे. इस्पितळ जो आयपीडी नंबर देते, तो आणि ते नाव एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावे. बाहेर जेथे जाल तेथे तीच चिठ्ठी पुढे करावी.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय असावे? रुग्णाचे नाव, तारीख, औषधाचे नाव, मात्रा, किती नग, आणि डॉक्टरांची सही व शिक्का. इस्पितळाच्या छापील कागदावर असेल तर उत्तम. वॉर्डात पुष्कळदा कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर औषध लिहून देतात. तो घेऊ नये, अदबीने लेटरहेड मागावा. आपल्या स्टोअरमध्ये माल नसेल तर "स्टोअरमध्ये उपलब्ध नाही, बाहेरून आणावे" एवढी एक ओळ लिहून घ्यावी, कारण "इस्पितळात मेडिकल असताना बाहेर का गेलात?" हा प्रश्न तिने आधीच मिटतो. दुकानात चिठ्ठी देण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढावा, आणि बिल झाल्यावर मूळ चिठ्ठी परत मागावी. काही औषधांच्या बाबतीत दुकानदाराला चिठ्ठीची प्रत ठेवावीच लागते. अशा वेळी दोन प्रती करून एक त्याच्याकडे द्यावी.

मेडिकलच्या बिलात दुकानाचे नाव-पत्ता, औषध विक्रीच्या परवान्याचा नंबर, बिलाचा अनुक्रमांक, तारीख, औषधाचे नाव व नग, आणि फार्मासिस्टची सही असते. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या बिलात डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीखही यावयास हवी. "मेडिसिन 5,940" अशी एकच ओळ लिहिलेले बिल, किंवा एस्टिमेट असे छापलेली कच्ची चिठ्ठी, विम्याच्या कामाची नाही. आपण स्वतः कच्च्या चिठ्ठीवर आयकर खात्याला खर्च दाखवू शकत नाही, तोच न्याय येथे आहे.

मी पुन्हा त्या मेडिकलवर गेलो. बिलावर पेनाने नाव दुरुस्त करून द्या म्हणालो. तो दुकानदार समंजस निघाला. "चाचा, बिलावर खाडाखोड केली तर हे बिल बादच होईल," असे म्हणून त्याने आपल्या लेटरहेडवर लिहून दिले की अमुक नंबरचे बिल या पूर्ण नावाच्या रुग्णासाठी होते. सही, शिक्का, परवाना नंबर सगळे टाकले. दुसरीकडे इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागातून मी ट्रीटमेंट शीटची शिक्क्यानिशी प्रत घेतली. तिच्यात ते इंजेक्शन त्या तारखांना लिहिलेले होते. या दोन कागदांनी चिठ्ठीची उणीव भरून निघाली.

दुसरी अडचण : बाटल्या सोळा, टोचल्या पंधरा

ट्रीटमेंट शीटमध्ये इंजेक्शन रोज तीन वेळा, पाच दिवस, म्हणजे 15 वेळा दिल्याची नोंद होती. आमची बिले होती 16 बाटल्यांची, सहा, सहा आणि चार. एक बाटली वॉर्डाच्या कपाटात उरली होती आणि आम्ही तशीच घरी आलो. कंपनीने 15 बाटल्यांचे 14,850 रुपये मंजूर केले आणि एका बाटलीचे 990 रुपये कापले. मला त्यात काही गैर वाटले नाही. जो माल रुग्णाला लागलाच नाही, त्याचे पैसे कंपनीने का द्यावे?

चूक आमची होती. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरकडून उरलेली औषधे मोजून घ्यावीत, आणि सीलबंद असतील तर त्याच दिवशी दुकानात परत करून परतीची चिठ्ठी घ्यावी. ही परतीची चिठ्ठीसुद्धा दाव्याला जोडावी आणि रक्कम वजा करून मागावी. बिल पूर्ण जोडून परत घेतलेले पैसे लपवले, तर पुढे ती लबाडी ठरते.

तिसरी अडचण : स्कॅन आणि लॅब

सीटी स्कॅनचे बिल होते, रिपोर्ट होता, पण डॉक्टरांनी तो करायला सांगितल्याचा कागद नव्हता. तो सेंटरवाल्याने आपल्या फाईलला लावून टाकला होता. कंपनीच्या फॉर्ममध्ये तपासणीसाठी डॉक्टरांची विनंती आणि तपासणीचा रिपोर्ट अशा दोन वेगळ्या ओळी असतात. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. माणूस स्वतःच्या समाधानासाठीही स्कॅन काढू शकतो, म्हणून कंपनीला डॉक्टरांचा सल्ला दिसावा लागतो.

मी डॉक्टरांना भेटलो. आमचे एक स्नेही म्हणाले होते, जुन्या तारखेची चिठ्ठी लिहून घ्या. डॉक्टरांनी तसे केले नाही आणि ते बरेच झाले. त्यांनी त्या दिवसाच्या तारखेने प्रमाणपत्र दिले की, अमुक आयपीडी नंबरच्या रुग्णाला भरती असताना अमुक तारखेस छातीचा सीटी स्कॅन करण्याचा सल्ला दिला होता आणि इस्पितळातले मशीन बंद असल्याने तो बाहेर करण्यात आला. सोबत केस पेपरमधील त्या दिवसाच्या नोंदीची प्रत दिली. खरी तारीख घालून लिहिलेला उशिराचा कागद चालतो. खोटी तारीख घातलेला कागद पकडला गेला तर बाकीचे खरे कागदही संशयात येतात.

लॅबचे प्रकरण आणखी साधे होते. तेथे मी 2,800 रुपये यूपीआयने दिले होते आणि मुलाने वहीतून फाडून हाताने रक्कम लिहिलेला कागद दिला होता. मी मोबाईलवरच्या व्यवहाराची छपाई जोडली. त्यावरून पैसे गेले एवढेच सिद्ध होते. कशासाठी गेले, ते नाही. लॅबमध्ये जाऊन रजिस्टरवरून नंबर घातलेले छापील बिल करून घेतले, त्यावर रुग्णाचे पूर्ण नाव आणि तपासणीचे नाव आले. रिपोर्टवर लॅबच्या डॉक्टरांची सही आहे हेही पाहिले. बाहेरून स्टेंट, डोळ्याचे भिंग किंवा हाडात घालायची पट्टी आणावी लागली, तर बिलासोबत त्या वस्तूच्या वेष्टनावरचे स्टिकर लागते, कारण त्यावरचा नंबर म्हणजे मालाची ओळख. ऑपरेशननंतर ते केस पेपरला चिकटवलेले आहे ना, याची खात्री करावी.

जे मिळणारच नव्हते

हातमोजे, मास्क, डायपर, थर्मामीटर आणि श्वासाचे यंत्र यांचे 1,920 रुपये मिळाले नाहीत. विमा नियामक मंडळाने काही वस्तूंची यादी केलेली आहे, ज्यांचे पैसे साध्या पॉलिसीत वेगळे मिळत नाहीत. या सर्व वस्तू त्या यादीत आहेत. ज्यांनी जादा हप्ता भरून या वस्तूंचे संरक्षण घेतले असेल त्यांचीच गोष्ट वेगळी.

येथेच एक सल्ला मिळाला होता. "मेडिकलवाल्याला सांगा, या 1,920 रुपयांच्या गोळ्या दाखवील." मी नको म्हणालो. हराम-हलालचा प्रश्न तर आहेच, पण धंद्याच्या नजरेनेही पाहा. पॉलिसीच्या अटींत लबाडीचे कलम असते, आणि खोटा कागद आढळला तर पूर्ण दावा जाऊन भरलेला हप्ताही बुडू शकतो. त्या गोळ्या ट्रीटमेंट शीटमध्ये सापडणार नव्हत्याच. 1,920 रुपयांसाठी 22,000 आणि पुढचा विमा पणाला लावणे हा कुठला व्यवहार?

शेवटी हिशेब असा लागला. इंजेक्शन 14,850, स्कॅन 4,500, लॅब 2,800, मिळून 22,150 रुपये बँकेत जमा झाले. कापले गेले ते 990 आणि 1,920, म्हणजे 2,910 रुपये. ज्यांच्या पॉलिसीत काही टक्के वाटा स्वतः भरण्याची अट असते, त्यांना तेवढी रक्कम आणखी कमी मिळेल.

ठरलेले पॅकेज असेल तर

मोतीबिंदू, अँजिओप्लास्टी यांसारख्या काही इलाजांचे विमा कंपनी आणि इस्पितळ यांच्यात ठोक दर ठरलेले असतात. त्या ठोक दरात औषधे व साहित्य धरलेले असेल आणि इस्पितळाने तेच तुम्हाला बाहेरून आणायला लावले, तर कंपनी ते पैसे दुसऱ्यांदा देणार नाही. म्हणून बाहेर जाण्यापूर्वी इस्पितळाच्या विमा विभागात एकच प्रश्न विचारावा, "हे पॅकेजमध्ये आहे काय?" असल्यास खर्च इस्पितळाने सोसावा. नसल्यास तसे लिहून घ्यावे. याउलट, इस्पितळाच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती होत असेल तर आपण विचारणा करू शकतो. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला होता, आणि मार्च 2025 मध्ये न्यायालयाने यावर धोरण ठरविण्याचे काम राज्य सरकारांकडे सोपविले.

पाकीट कसे भरावे

भरपाईच्या पाकिटात रुग्णाने भरायचा फॉर्म, डिस्चार्ज कार्डाची प्रत, इस्पितळाच्या अंतिम बिलाची प्रत, कॅशलेस मंजुरीचे पत्र, बाहेरची मूळ बिले, चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि रद्द केलेला चेक घालावा. प्रत्येक बिलामागे त्याचीच चिठ्ठी व रिपोर्ट टाचावा, आणि फॉर्ममधील बिलांच्या तक्त्यात नंबर, तारीख व रक्कम त्याच क्रमाने लिहावी. मूळ कागद जाण्यापूर्वी सगळ्याचा झेरॉक्स काढावा आणि पोच घ्यावी.

मुदत पॉलिसीत पाहावी. आरोग्य संजीवनी या सर्व कंपन्यांच्या सारख्या पॉलिसीत डिस्चार्जपासून 30 दिवस दिलेले आहेत. भरती होण्यापूर्वीच्या 30 दिवसांतील आणि नंतरच्या 60 दिवसांतील त्याच आजाराचा खर्चही तिच्यात मागता येतो. म्हणून गावच्या डॉक्टरांकडे काढलेला पहिला एक्स-रे आणि घरी आल्यावरच्या गोळ्या यांचेही कागद त्याच पद्धतीने जपावेत. नंतरच्या खर्चाचे कागद तो इलाज संपल्यापासून 15 दिवसांत द्यावयाचे असतात.

कागद पूर्ण असूनही कंपनीने पैसे कापले, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे.

माझा भाऊ आता बरा आहे आणि पुन्हा लूमवर जातो. परवा शेजारच्या रंगारी बांधवाच्या आईला इस्पितळात नेले, तेव्हा भावानेच त्याच्या हातात प्लास्टिकची एक फाईल दिली. तिच्यावर आईचे पॉलिसीवरचे नाव आणि पॉलिसी नंबर लिहिला होता, आयपीडी नंबरासाठी जागा कोरी ठेवली होती. आत चार कप्पे होते: चिठ्ठी, बिल, रिपोर्ट, पावती. "कुर्त्याच्या खिशात काही ठेवू नका," एवढेच तो म्हणाला.